सिमेंटच्या बाजारात खरी स्पर्धा किती?

सिमेंटच्या दुकानात पाच-सहा ब्रँडच्या गोण्या दिसतात, पण त्यावरून त्या भागात स्पर्धा आहे असे म्हणता येत नाही. कोणाचा माल किती खपतो आणि त्या ब्रँडचे मालक कोण आहेत, हे पाहावे लागते. त्यासाठी दोन मापे वापरली जातात. पहिले म्हणजे सर्वांत मोठ्या चार कंपन्यांच्या टक्केवारीची बेरीज. दुसरे म्हणजे हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक. यात प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करून सर्व वर्गांची बेरीज करतात. एकाच कंपनीची पूर्ण मक्तेदारी असेल तर निर्देशांक १०,००० येतो. कंपन्या जितक्या जास्त आणि तुल्यबळ, तितका तो खाली येतो.

दोन्ही मापे लागतात, कारण नुसती बेरीज पुष्कळ काही लपवते. एका काल्पनिक भागात पहिल्या चार कंपन्यांचे वाटे २०, २०, १९ आणि १९ टक्के आहेत, तर दुसऱ्या भागात ६०, ८, ६ आणि ४ टक्के. उरलेले २२ टक्के दोन्हीकडे प्रत्येकी दोन टक्क्यांच्या अकरा छोट्या कंपन्यांकडे आहेत. चौघांची बेरीज दोन्हीकडे ७८च. निर्देशांक मात्र पहिल्या भागात १,५६६ आणि दुसऱ्यात ३,७६० येतो. वर्ग केल्यामुळे मोठ्या कंपनीचे वजन आपोआप वाढते. अमेरिकेच्या २०२३च्या विलीनीकरणविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार १,८००च्या वर गेलेला बाजार अतिकेंद्रित मानला जातो.

खरी अडचण या गणिताच्या आधी येते, ती बाजाराची हद्द ठरवताना. सिमेंट वजनाला जड आणि किमतीने स्वस्त असल्यामुळे अंतर वाढते तसा वाहतूक खर्च नफा खाऊन टाकतो. कारखाने चुनखडीजवळ उभे राहतात. महाराष्ट्रात त्यामुळेच ते चंद्रपूर परिसरात एकवटले आहेत. म्हणून देशभराचा निर्देशांक कमी दिसला तरी एखाद्या राज्यातल्या ग्राहकाला त्याचा उपयोग नसतो. हद्द तपासण्यासाठी दोन प्रश्न विचारतात: त्या भागात तयार झालेल्या सिमेंटपैकी किती तिथेच विकले जाते, आणि तिथे खपणाऱ्या सिमेंटपैकी किती बाहेरून येते? पहिले प्रमाण मोठे आणि दुसरे छोटे असेल, तर तो भाग स्वतंत्र बाजार मानता येतो. वाटेही शक्यतो त्या भागातल्या प्रत्यक्ष विक्रीवरून काढावे लागतात. कारखान्याची क्षमता एका राज्यात असली, तरी माल शेजारच्या राज्यात जात असू शकतो.

दुसरी अडचण मालकीची. समजा, एका भागात आठ ब्रँडचे वाटे २८, २२, १६, १२, ८, ६, ४ आणि ४ टक्के आहेत. निर्देशांक बरोबर १,८०० आणि पहिल्या चौघांचा वाटा ७८ टक्के. आता १६ आणि १२ टक्क्यांच्या ब्रँडचे मालक एकच निघाले, तर ते एक धरून २८ टक्के होतात. निर्देशांक २,१८४ आणि चौघांचा वाटा ८६ टक्क्यांवर जातो. ही वाढ दोन वाट्यांच्या गुणाकाराच्या दुपटीएवढी असते: २ × १६ × १२, म्हणजे ३८४.

भारतात हा मुद्दा होल्सिम आणि लाफार्ज यांच्या जागतिक विलीनीकरणात प्रत्यक्ष आला. होल्सिमच्या ताब्यात एसीसी आणि अंबुजा हे दोन्ही ब्रँड होते, आणि लाफार्जची ताकद पूर्व भारतात होती. देशाच्या पातळीवर हे एकत्रीकरण फारसे खटकले नसते. पूर्वेत मात्र तिन्ही ब्रँड एका छत्राखाली आले असते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५मध्ये झारखंडमधील जोजोबेरा आणि छत्तीसगडमधील सोनाडीह हे लाफार्जचे कारखाने विकण्याची अट घातली. नुसते कारखाने विकताना चुनखडीच्या खाणपट्ट्यांच्या हस्तांतरणाची कायदेशीर अडचण आली, आणि अखेर लाफार्जचा भारतातला सगळा व्यवसायच विकावा लागला. २०१६मध्ये तो निरमा समूहाने घेतला.

निर्देशांक बाजाराची रचना सांगतो, वागणूक सांगत नाही. तो कमी असला तरी कंपन्या संगनमताने उत्पादन आवरून भाव चढते ठेवू शकतात. याच आरोपावरून स्पर्धा आयोगाने २०१२मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. अपील न्यायाधिकरणाने २०१५मध्ये सुनावणीच्या पद्धतीतील त्रुटीमुळे तो आदेश रद्द केला. २०१६मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा प्रकरणात वेगळा पुरावा लागतो: मागणी असताना कारखाने कमी क्षमतेने चालले का, भाव सर्वांनी एकाच वेळी वाढवले का, आणि कंपन्यांमध्ये भावांच्या माहितीची देवाणघेवाण होत होती का. भाव बरोबरीने हलले एवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही, कारण कोळसा किंवा डिझेल महागले तरी सगळ्यांचे भाव एकदम चढतात. निर्देशांक कुठे बारकाईने पाहायचे ते दाखवतो. निष्कर्ष मात्र भाव, उत्पादन आणि मालकी एकत्र तपासूनच काढावा लागतो.