गुपचूप येणारी दाढ

जिभेचं टोक खालच्या दातांवरून हळूहळू मागे न्या बघू. पुढच्या मधल्या दातापासून मोजायला सुरुवात करा. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि सहावा? तुम्ही सहा-सात वर्षांचे असाल तर सहाव्या जागी जिभेला एक रुंद, खडबडीत दाढ लागेल. कदाचित ती शेजारच्या दाढेपेक्षा थोडी खालीच असेल, किंवा तिचा अर्धा भाग अजून हिरडीखाली असेल.

ही दाढ आली कधी, आठवतंय? बहुतेकांना आठवत नाही. पुढचा दात हलायला लागला की घरभर कळतं. तो पडतो, बोळकं दिसतं, मग नवा दात डोकावतो. या दाढेसाठी मात्र एकही दात पडत नाही. दुधाच्या सगळ्या दातांच्या मागे, मोकळ्या जागेत, ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास गुपचूप उगवते. म्हणून कित्येक आईबाबांनाही ती दुधाचीच दाढ वाटते. पण ती कायमची असते, आजीच्या वयापर्यंत टिकायची! मी मुलांचे दात तपासते, आणि दात घासताना सगळ्यात जास्त चुका याच दाढेच्या वाट्याला येताना पाहते.

मध्यंतरी माझ्याकडे दुसरीतली एक मुलगी आली होती. “मी रोज दोनदा ब्रश करते,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. मी तिला एक रंगाची गोळी चघळायला दिली. चघळायची, रंग जिभेने सगळ्या दातांवर फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. गंमत अशी, की स्वच्छ दाताला हा रंग धरत नाही. दातावर चिकट थर असेल तर तिथे मात्र तो बसतो. त्यातही नवा थर गुलाबी दिसतो आणि बरेच दिवस न निघालेला जुना थर निळा-जांभळा.

मग आम्ही आरसा घेतला. पुढचे वरचे दात पांढरे स्वच्छ होते. हसल्यावर जे दिसतं, ते सगळं छान घासलेलं होतं. पण हिरडीला लागून प्रत्येक दातावर एक बारीक गुलाबी रेघ होती. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू गुलाबी होती. आणि ती सहावी दाढ? जांभळी! वरच्या खाचाही जांभळ्या आणि गालाकडची बाजूही.

“पण मी तर मागेपर्यंत ब्रश नेते, मावशी!” ती म्हणाली. मी म्हटलं, नेऊन दाखव. तिने ब्रश घेतला आणि दाढांवरून पुढे-मागे, पुढे-मागे फिरवला. ब्रश अगदी मागेपर्यंत जात होता, तरी त्या दाढेला टेकत नव्हता. वर्गाच्या फोटोत उंच मुलांच्या मागे बुटका मुलगा उभा राहिला की तो फोटोत येतच नाही ना, तसंच. शेजारची दुधाची दाढ उंच, ही नवी दाढ बुटकी. ब्रश उंच दाढेवर टेकतो आणि बुटकीच्या वरून हवेतच निघून जातो. नवी दाढ पूर्ण वर येऊन समोरच्या दाढेला भिडायला वर्षभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर घास चावतानासुद्धा तिच्यावर काही घासलं जात नाही.

आता तुम्ही विचाराल, राहिला थोडा थर तर काय बिघडलं?

हा थर म्हणजे नुसतं अन्न नव्हे. १६८३ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक नावाच्या कापड व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा थर काढून, आपणच बनवलेल्या भिंगाखाली पाहिला. तो रोज मिठाने दात घासणारा माणूस होता. तरीही त्या कणभर थरात त्याला असंख्य चिमुकले जीव वळवळताना दिसले. काही सरळ सुसाट जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे. आपण आज त्यांना जिवाणू म्हणतो.

यातले काही जिवाणू साखर खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. आम्लता मोजायला पीएच नावाचा आकडा वापरतात. पाण्याचा पीएच ७ असतो, आणि आकडा जितका खाली जाईल तितकं आम्ल जास्त. थराखालचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निसटायला लागतात. शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू म्हणजे इनॅमल, हाडापेक्षाही कठीण, पण आम्लापुढे तिचं काही चालत नाही. एक चॉकलेट खाल्लं की काही मिनिटांतच हा आकडा घसरतो. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते आणि निसटलेले क्षार परत दाताला देते. याला अर्धा तास तरी लागतो, कधी जास्तही.

म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नका असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. झोपेत लाळ फारच कमी सुटते. रात्री बिस्किट खाऊन तसंच झोपलं, तर दुरुस्ती करणारी लाळ जवळपास रजेवर आणि जिवाणूंना रात्रभर मेजवानी. त्यात नव्या दाढेचं इनॅमल अजून कच्चं असतं. लाळेतले क्षार घेऊन ते पक्कं व्हायला पुढची काही वर्षं लागतात. म्हणजे ही दाढ जेव्हा सगळ्यात नाजूक असते, नेमकं तेव्हाच ब्रश तिला चुकवत असतो.

मग करायचं काय? त्या मुलीला मी ब्रश आडवा धरायला शिकवला. नेहमीसारखा समोरून नाही, तर ओठांच्या कोपऱ्यातून, गालाच्या बाजूने आत घालायचा, म्हणजे ब्रशचं डोकं दातांच्या रांगेला आडवं पडतं. तसं केलं की ते शेजारच्या उंच दाढेवर न अडकता थेट बुटक्या दाढेवर उतरतं. मग तिथेच छोटे छोटे हेलकावे द्यायचे. तिने तसं केलं आणि आरशात पाहिलं, तर जांभळा रंग फिकट झालेला!

गालाकडची बाजू मात्र जांभळीच राहिली. याचं कारण मला फार आवडतं. ती ‘आ’ करून तोंड मोठ्ठं उघडत होती. सगळ्यांना वाटतं, तोंड जितकं उघडू तितका ब्रश आत जाईल. पण तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणून घट्ट होतो, आणि जबड्याच्या हाडाचा एक भाग पुढे सरकून वरच्या मागच्या दाढेजवळची जागा अडवतो. करून बघा! एक बोट गाल आणि वरच्या दाढा यांच्यामध्ये ठेवा आणि तोंड उघडा, मग अर्धवट मिटा. मिटल्यावर जागा वाढली ना? म्हणून गालाकडून घासताना तोंड अर्धं मिटायचं.

हिरडीजवळची गुलाबी रेघ राहिली, ती ब्रश करवतीसारखा पुढे-मागे चालवल्यामुळे. त्याने दाताचा फुगीर भाग घासला जातो, पण दात आणि हिरडी जिथे भेटतात ती कड राहून जाते. ब्रशचे केस थोडे हिरडीकडे झुकवायचे आणि लहान लहान गोल फिरवायचे. जोर लावायचा नाही. महिनाभरातच तुमच्या ब्रशचे केस बाहेर फाकले, तर हात जड आहे असं समजा. जोराने थर जास्त निघत नाही, उलट हिरडी दुखावते.

आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू? जीभ वर उचलून आरशात पाहा. जिभेखाली मधोमध दोन इवले उंचवटे दिसतील. तिथून लाळ बाहेर येते. लाळेत क्षार असतात, त्यामुळे तिथला थर न काढल्यास दगडासारखा घट्ट होतो. त्याला किटण म्हणतात. ते एकदा बसलं की ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडेच काढावं लागतं. तिथे ब्रश उभा धरून एकेक दात खालून वर घासायचा.

एवढं करून झाल्यावर तिने नळ सोडला आणि खळखळून चार चुळा भरल्या. बहुतेक सगळे हेच करतात. पण पेस्टमधलं फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहिलं, तरच इनॅमलच्या दुरुस्तीला मदत करतं. भरपूर पाण्याने ते वाहून जातं. म्हणून फेस नीट थुंकायचा आणि थांबायचं. पेस्टही ब्रशभर नको. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरते, आणि ती पेस्ट गिळत नाहीत ना हे मोठ्यांनी पाहायचं. कैरी किंवा लिंबू सरबत घेतल्यावर लगेच घासू नका, अर्धा तास जाऊ द्या. आम्लाने मऊ झालेल्या दातावर ब्रश फिरवला तर तो झिजतो.

शेवटी दाढेवरच्या खोल खाचांमध्ये जांभळी रेघ उरलीच. ती तिची चूक नव्हती. काही खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केसही त्यात शिरत नाही. अशा खाचांवर आम्ही पातळ द्रव लावतो आणि निळ्या प्रकाशाने तो कडक करतो. याला सीलंट म्हणतात. सुई नाही, कोरणं नाही. तिची दाढ अजून पुरती वर आली नव्हती. लाळ लागली तर सीलंट नीट चिकटत नाही, म्हणून आम्ही थोडं थांबायचं ठरवलं. गालाच्या बाजूला हिरडीजवळ मला एक खडूसारखा पांढरा ठिपका दिसला. तिथले क्षार निसटले होते, पण खड्डा पडला नव्हता. असा ठिपका वेळीच सापडला तर तिथेच थांबवता येतो. मी त्यावर फ्लोराइडचं वार्निश लावलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

तुमच्या तोंडातला ठिपका कुठला आहे, हे लेख वाचून ठरवता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे वेगळ्याच कारणाने येतात, आणि कोणती पेस्ट किती वापरायची हेही विचारून ठरवावं लागतं. दातावर पांढरा किंवा काळा ठिपका दिसला, नीट घासूनही आठवडा-दोन आठवडे हिरडीतून रक्त येत राहिलं, थंड-गोड खाताना कळ आली, तर आईबाबांना सांगा आणि दंतवैद्याकडे जा. काहीच दुखत नसलं तरी सहावं वर्ष सरलं की एकदा जाऊन त्यांना विचारा, “माझी मागची दाढ पूर्ण वर आली का? तिच्या खाचा बंद करायला हव्यात का?”