बासरी विकत घेताना ऐका दोन पंचम

जत्रेतल्या काठीला लटकणारी बासरी आणि शिकण्याची बासरी बाहेरून सारख्याच दिसतात. फरक कळतो तो फुंकल्यावर.

समजा, दहा वर्षांच्या मुलीला बासरी शिकायची आहे. पन्नालाल घोष यांनी रूढ केलेली लांब, खर्जाची बासरी मैफलीत गोड वाटते. पण पांढरी तीनची बासरी जवळजवळ तीस इंचांची, तिची भोकं छोट्या बोटांना पुरत नाहीत. पांढरी एकची बासरी एकोणीस इंचांच्या आसपास असते, म्हणून बहुतेकदा तिथून सुरुवात होते. वरची तीन भोकं झाकली की जो सूर निघतो तो षड्ज, आणि बासरी त्याच सुराच्या नावानं ओळखतात. काही विक्रेते मात्र सगळी भोकं झाकून निघणाऱ्या सुराचं नाव देतात, त्यामुळे नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये. गुरुजींना कोणती पट्टी हवी, हे आधीच विचारावं.

उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासरीचं जुनं केंद्र. तिथले कारागीर आसामकडचा बांबू मागवतात, कारण तो पातळ असतो आणि दोन गाठींमधलं अंतर लांब असतं. नळीच्या मधे गाठ आली तर हवेचा मार्ग अडतो. मुंबईत आनंद धोत्रे यांच्यासारखे कारागीर वादकांच्या गरजेप्रमाणे बासरी घडवतात.

दुकानात एक परीक्षा करून पाहता येते. सहाही भोकं झाकून हळू फुंकलं की मंद्र पंचम येतो, तीच बोटं ठेवून फुंकर जोरकस आणि बारीक केली की मध्य पंचम. दोन्ही नेमके एका सप्तकाच्या अंतरावर हवेत. नवख्याची फुंकर डळमळते, म्हणून ही परीक्षा जाणकाराकडून, ट्यूनर लावून करून घ्यावी. पंचम जुळले नाहीत तर दोष नळीत किंवा बुचाच्या जागेत असतो. बूच सरकवून थोडा फरक पडतो. पण भोकं वाकडीतिकडी पाडलेली असतील, तर ते दुकानात दुरुस्त होण्यासारखं नाही.

हवामानही सूर हलवतं. हवा दहा अंशांनी तापली की बासरीचा सूर साधारण पाव अर्धस्वर चढतो. म्हणून थंड बासरी दोन-चार मिनिटं फुंकून, कोमट झाल्यावरच ट्यूनरवर तपासावी.

मग चीर शोधायची. सहा भोकं बोटांनी आणि खालचं टोक तळव्यानं घट्ट बंद करून मुखरंध्रातून हवा ओढावी. ओढ टिकली तर नळी धड आहे. हवा कुठून तरी शिरत राहिली तर चीर असण्याची शक्यता मोठी. अशी चीर एसीच्या कोरड्या हवेत वाढत जाते. बासरीवर ठिकठिकाणी दोरा गुंडाळतात तोही याचसाठी, शोभेसाठी नव्हे.

प्लॅस्टिकची बासरी अशी तडकत नाही. दप्तरात कोंबून नेणाऱ्या मुलासाठी ती चालते, पण पंचमाची परीक्षा तिलाही चुकत नाही.