पोह्यांच्या बिलात शेंगदाणे किती?

सुपरमार्केटच्या प्रत्येक बिलात कोणत्या वस्तू एकत्र आल्या, हे नोंदलेलं असतं. अशा हजारो बिलांतून जोड्या शोधण्याला ‘मार्केट बास्केट अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. यात सर्वांत जास्त फसवणूक होते ती सरळसोट टक्केवारीमुळे.

समजा, एका दुकानाची १००० बिलं घेतली. ब्रेड २०० बिलांत आहे आणि त्यांपैकी १२० बिलांत दूधही आहे. म्हणजे ब्रेड घेणारे ६० टक्के लोक दूध घेतात. जोडी घट्ट वाटते. पण दूध मुळात १००० पैकी ६०० बिलांत आहे, म्हणजे एरवीही ६० टक्केच. ब्रेडमुळे काहीच वाढलं नाही.

आता पोहे बघा. ते ८० बिलांत आहेत, शेंगदाणे १०० बिलांत, आणि दोन्ही एकत्र ४० बिलांत. टक्केवारी ५०, म्हणजे ब्रेड-दुधापेक्षा कमी. पण शेंगदाणे एरवी दहा टक्के बिलांतच दिसतात. पोह्यांसोबत ते पाचपट जास्त जातात. या पटीला ‘लिफ्ट’ म्हणतात. ती एकच्या आसपास असेल तर संबंध नाही, एकाहून बरीच जास्त असेल तर जोडी खरी असण्याची शक्यता मोठी.

तरी नुसत्या लिफ्टवरही विसंबू नये. केशर फक्त दोन बिलांत आणि चारोळीही नेमकी त्याच दोन बिलांत असेल, तर लिफ्ट येते ५००! प्रत्यक्षात दोन गिऱ्हाइकांनी बासुंदीचा बेत केला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून जोडी किमान किती बिलांत दिसायला हवी, ही मर्यादा आधीच ठरवतात.

या मर्यादेचा आणखी एक उपयोग आहे. पाच हजार वस्तूंच्या जोड्या जवळपास सव्वा कोटी होतात. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी १९९४ मध्ये मांडलेली ‘अ‍ॅप्रायोरी’ पद्धत इथे कामी येते. जी वस्तू एकटीच क्वचित खपते, तिची कुठलीही जोडी वारंवार खपणं शक्यच नाही. त्यामुळे ती आधीच बाजूला काढता येते आणि मोजायच्या जोड्या झपाट्याने कमी होतात. तिघाडीलाही हाच नियम.

मला जास्त धोक्याची वाटते ती दुकानाने स्वतःच जुळवलेली जोडी. शाम्पूवर कंडिशनर फुकट दिला, तर दोन्ही एकाच बिलात येणारच. त्यातून गिऱ्हाइकाची आवड कळत नाही. म्हणून योजनेचे दिवस वगळून हिशेब पुन्हा करावा. दिवाळीची बिलंही वेगळी तपासावीत, नाहीतर रवा-मैद्याची सणापुरती जोडी वर्षभराची वाटू लागते.

आणि जोडी सापडली म्हणून लगेच सगळ्या शाखांतली मांडणी बदलू नका. आधी एका शाखेत शेंगदाणे पोह्यांशेजारी ठेवा, तशाच दुसऱ्या शाखेत जुनी मांडणी राहू द्या आणि महिन्याभराने दोन्हीकडचा शेंगदाण्यांचा खप ताडून पाहा.