०.०७० चे ०.१०७ कसे झाले?

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना मी संख्यात्मक पद्धतींच्या पेपरात एक छोटी असाइनमेंट देते. एक रिग्रेशनचा तक्ता आणि त्याचं वाचन, दीड पानात. तक्ता जुना आहे. जेकब मिन्सर या अर्थतज्ज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातला. अमेरिकेच्या १९६० च्या जनगणनेतला हजारात एक असा नमुना घेऊन, शेतीबाहेर काम करणाऱ्या सुमारे ३१ हजार गोऱ्या पुरुषांची १९५९ ची वार्षिक कमाई त्याने तपासली. समाजशास्त्राच्या वर्गात अर्थशास्त्राचा तक्ता कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. तो दोन ओळींचा आहे आणि चुकायच्या बहुतेक सगळ्या जागा त्या दोन ओळींत आहेत, एवढंच त्याचं कारण.

```
ln Y = 7.58 + 0.070 s                         R² = 0.067
ln Y = 6.20 + 0.107 s + 0.081 t - 0.0012 t²   R² = 0.285
```

इथे Y म्हणजे वर्षाची कमाई, s म्हणजे शिक्षणाची वर्षं आणि t म्हणजे कामाच्या अनुभवाची वर्षं. (गुणांकाखाली कंसात छापतात त्या टी-मूल्याचा या t शी काही संबंध नाही. पहिला घोटाळा तिथेच होतो.)

बहुतेक उत्तरांची सुरुवात अशी असते : ‘शिक्षण एक वर्षाने वाढले की उत्पन्न ०.१०७ ने वाढते.’ ०.१०७ काय? डॉलर? समीकरणाच्या डावीकडे कमाई नाही, कमाईचा लॉग आहे. म्हणून हा गुणांक प्रमाणाच्या भाषेत वाचावा लागतो : शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे कमाई साधारण ११ टक्क्यांनी जास्त. गुणांक लहान असेल तर त्याला शंभराने गुणून काम भागतं, पण फरक मोठा झाला की ही सोय फसवते. चार वर्षांचा फरक घेतला तर गुणाकाराने ४२.८ टक्के येतात. खरा हिशोब असा आहे :

```
exp(4 * 0.107) - 1 = 0.53
```

म्हणजे ५३ टक्के. दहा टक्के-बिंदूंची ही तफावत मांडणीच्या निष्काळजीपणातून येते, समाजातून नव्हे. स्थिरांकावर मात्र वेळ घालवू नये. ६.२० म्हणजे शून्य शिक्षण आणि शून्य अनुभव असलेल्या माणसाच्या कमाईचा अंदाजित लॉग. असा माणूस नमुन्यात जवळपास सापडणार नाही, त्यामुळे त्यावर परिच्छेद लिहिण्यात अर्थ नाही.

खरी गंमत दोन ओळींच्या मध्ये आहे. वरच्या ओळीत शिक्षणाचा गुणांक ०.०७०, खालच्या ओळीत ०.१०७. माणसं तीच, कमाई तीच, शिक्षणही तेच. मग आकडा दीडपट कसा झाला? वर्गात हा प्रश्न टाकला की आधी शांतता पसरते आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, नवीन घटक घातला की आधीच्याचा आकडा कमी व्हायला हवा ना?’ पुस्तकांतली उदाहरणं सहसा तशीच असतात, म्हणून ही समजूत घट्ट बसलेली असते.

उत्तर मिळवायला दोन माणसं घ्यावीत. एक तीस वर्षांचा, सोळा वर्षं शिकलेला. मिन्सरने अनुभव प्रत्यक्ष विचारून मोजलेला नाही. वयातून शिक्षणाची वर्षं आणि शाळेआधीची सहा वर्षं वजा केली. या हिशोबाने पहिल्याचा अनुभव आठ वर्षं. दुसरा पन्नाशीचा, आठवीपर्यंत शिकलेला. त्याचा अनुभव छत्तीस वर्षं. खालच्या समीकरणात दोघांचे आकडे घातले की पहिल्याच्या कमाईचा लॉग ८.४८ येतो आणि दुसऱ्याचा ८.४२. डॉलरमध्ये म्हणाल तर साधारण ४,८०० आणि ४,५००. शिक्षणात दुपटीचा फरक असूनही कमाई जवळपास सारखी! आता दोघांचा अनुभव सारखा धरून पाहा. शिक्षणातल्या त्याच आठ वर्षांच्या फरकामागे समीकरण जवळजवळ २.३५ पटींचा फरक दाखवतं.

वरची ओळ अशाच दोन माणसांची तुलना करत होती. एकाच वयाच्या माणसांत जो जास्त शिकला तो कामाला उशिरा लागला, म्हणून त्याच्या गाठीला अनुभव कमी. शिवाय अमेरिकेत त्या काळापर्यंत शिक्षण पिढीगणिक वाढत आलं होतं. त्यामुळे वयस्कर माणसं कमी शिकलेली आणि जास्त अनुभवी होती. शिक्षण आणि अनुभव उलट दिशेने चालत होते आणि कमाई दोघांबरोबर वाढत होती. अनुभव समीकरणाबाहेर ठेवला की कमी शिकलेल्यांच्या अनुभवाची कमाई शिक्षणाचा फरक झाकून टाकते. अनुभव आत घेतला की तो फरक उघडा पडतो. नियंत्रक घटक घातल्यावर गुणांक कमी होणार की जास्त, हे त्या घटकाचं दोन्ही बाजूंशी असलेलं नातं ठरवतं. उत्तरपत्रिकेत एवढं नीट आलं तर मी बाकी बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा करते.

एक सूचना मात्र देते. ४,८०० आणि ४,५०० यांमधल्या तीनशे डॉलरवर भाष्य करू नका. अनुभवाच्या वर्गाचा गुणांक ०.००१२ असा चार दशांशांपर्यंत कापून छापला आहे आणि छत्तीसचा वर्ग १,२९६ होतो. कापलेला तो बारीक तुकडा १,२९६ ने गुणला की हे तीनशे डॉलर जवळजवळ गिळू शकतो. याच कारणाने कमाईचं शिखर ‘३३.७५ व्या वर्षी’ येतं असं लिहू नये. ‘अनुभवाच्या साधारण तेहतीस-चौतीस वर्षांपर्यंत कमाई वाढते, मग उतरते’ एवढंच तक्ता सांगू शकतो.

मग येते सार्थकता. मूळ तक्त्यात खालच्या ओळीतल्या शिक्षणाच्या गुणांकाचं टी-मूल्य ७२.३ आहे. मागे एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं : ‘टी-मूल्य ७२.३ असल्याने शिक्षणाचा उत्पन्नावर अत्यंत प्रबळ परिणाम होतो हे सिद्ध होते.’ या एका वाक्यात तीन शब्द लाल शाईचे आहेत : ‘प्रबळ’, ‘परिणाम’ आणि ‘सिद्ध’.

‘प्रबळ’ आधी घेऊ. टी-मूल्य म्हणजे गुणांक भागिले प्रमाण त्रुटी. इथे प्रमाण त्रुटी ०.००१५ च्या आसपास येते, म्हणजे गुणांकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल साधारण ०.१०४ ते ०.११०. अंतराल इतका अरुंद आहे, कारण नमुना ३१ हजारांचा आहे. तोच गुणांक तीनशे माणसांच्या नमुन्यात मिळाला असता तर प्रमाण त्रुटी सुमारे दहापट झाली असती आणि टी-मूल्य सातच्या घरात आलं असतं. तीस-एकतीस माणसांत ते जेमतेम सव्वादोन. शिक्षणाच्या एका वर्षामागचे ११ टक्के मात्र तिन्ही वेळा तेच राहिले असते. संबंध किती मोठा आहे हे गुणांक सांगतो. तो आकडा नमुन्याच्या योगायोगाने किती हलू शकतो हे प्रमाण त्रुटी सांगते, आणि गुणांक त्या त्रुटीच्या किती पट आहे हे टी-मूल्य. पी-मूल्याचंही तसंच : लोकसंख्येत काहीच संबंध नसता तर इतका किंवा याहून टोकाचा आकडा नमुन्यात दिसण्याची शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून नेमकं हेच बजावलं : पी-मूल्य परिणामाचा आकार मोजत नाही, आणि गृहीतक खरं असण्याची शक्यताही सांगत नाही.

आता ‘परिणाम’ आणि ‘सिद्ध’. इथे विद्यार्थी आपोआप एक वाक्प्रचार वापरतात : ‘इतर सर्व घटक स्थिर असताना’. इतर सर्व? तक्त्यात स्थिर ठेवलेला घटक एकच आहे, अनुभव. वडिलांचा व्यवसाय, घरची सांपत्तिक स्थिती, शाळेचा दर्जा, कुठल्या प्रांतात वाढलात, यांपैकी काहीही नाही. त्याच पिढीतल्या अमेरिकन पुरुषांवर पीटर ब्लाउ आणि ओटिस डडली डंकन या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात वडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय हे गणिताच्या आतच होते आणि मुलाच्या शिक्षणाशी त्यांचा संबंध स्पष्ट दिसत होता. जास्त शिकलेला मुलगा बऱ्याचदा बऱ्या घरचाही असतो. त्यामुळे मिन्सरच्या ११ टक्क्यांत शाळेचं किती आणि घराचं किती, हे या तक्त्यावरून वेगळं काढता येत नाही.

आर-वर्गावर एक-दोन वाक्यं पुरेत. ०.२८५ म्हणजे या नमुन्यात कमाईच्या लॉगमधली सुमारे २८ टक्के विविधता या प्रारूपाच्या वाट्याला येते. ‘उत्पन्न २८ टक्के शिक्षणावर अवलंबून आहे’ हा त्याचा अर्थ नव्हे. एकाच माणसाच्या पगाराची अशी फोड तर करताच येत नाही.

सावध लिहा म्हटलं की दुसऱ्या मसुद्यात ‘कदाचित’, ‘काही अंशी’, ‘असे म्हणता येऊ शकेल’ यांचा पाऊस पडतो. याला मी सावधपणा म्हणत नाही. ‘शिक्षणाचा उत्पन्नाशी कदाचित काही संबंध असू शकेल’ हे वाक्य बेसावधच आहे, कारण इतक्या अरुंद अंतरालानंतर संबंधाबद्दल शंका घ्यायला तक्ता जागा ठेवत नाही. शंका आहे ती कारणाबद्दल आणि हा आकडा कुणाला लागू होतो त्याबद्दल. ती नेमक्या त्याच जागी लिहायला हवी. हा तक्ता ‘लोकांचा’ नाही, शेतीबाहेरच्या गोऱ्या पुरुषांचा आहे. कृष्णवर्णीय त्यात नाहीत. स्त्रियाही नाहीत, आणि वयातून शिक्षण वजा करून काढलेला अनुभव मुलांसाठी नोकरी सोडून पुन्हा कामाला लागलेल्या बाईला लावला तर चुकीचा ठरतो. तक्त्यात व्याज-भाड्यासह सगळं उत्पन्नही नाही, फक्त कामाची कमाई आहे.

त्या विद्यार्थिनीच्या शेवटच्या मसुद्यातला परिच्छेद मला आवडला : ‘१९५९ मध्ये शेतीबाहेर काम करणाऱ्या गोऱ्या अमेरिकन पुरुषांमध्ये, अनुभव सारखा धरल्यास, शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे वार्षिक कमाई सरासरीने सुमारे ११ टक्के जास्त आढळते (गुणांक ०.१०७, टी ७२.३). अनुभव विचारात न घेता हा फरक सुमारे ७ टक्के दिसतो, कारण जास्त शिकलेल्यांचा अनुभव तुलनेने कमी होता. कौटुंबिक पार्श्वभूमी प्रारूपात नसल्याने हा संपूर्ण फरक शिक्षणामुळेच पडतो असे यावरून म्हणता येत नाही.’ यात ‘कदाचित’ एकदाही नाही, आणि खोडण्यासारखं मला काही सापडलं नाही.

तुमच्या हातात सध्या असाच एखादा मसुदा असेल तर तो जमा करण्याआधी त्यात ‘इतर सर्व घटक’ हे शब्द शोधा, आणि तक्त्यात प्रत्यक्ष असलेल्या घटकांची नावं त्या जागी लिहा.