‘पूर्वापार वहिवाट’ एवढ्याने भागत नाही

जागेच्या दाव्यांतल्या कैफियतींमध्ये एक वाक्य फार वेळा आढळतं: ‘प्रतिवादी सदर जागेवर वाडवडिलांपासून, पूर्वापार, उघडपणे वहिवाट करीत आहे.’ लिहिणाऱ्याला हे भक्कम वाटतं. प्रत्यक्षात प्रतिकूल ताब्याची बाजू इथेच ढासळते, कारण कोर्टाचा पहिला प्रश्न असतो: कोणत्या तारखेपासून?

मुदत कायदा 1963 च्या अनुच्छेद 65 प्रमाणे, ताबा मालकाच्या विरोधात गेल्यापासून 12 वर्षांत मालकाने दावा लावला नाही, तर त्याची मुदत संपते. आणि कलम 27 प्रमाणे त्या जागेवरचा त्याचा हक्कही संपतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत 30 वर्षांची आहे. ती मोजायची, तर सुरुवातीचा दिवस हवाच. कर्नाटक वक्फ बोर्ड विरुद्ध भारत सरकार या विजापूरच्या जुन्या वास्तूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट सांगितलं, की असा दावा करणाऱ्याने ताबा कधी घेतला, तो कोणत्या स्वरूपाचा होता, समोरच्याला त्याची माहिती होती का, तो किती काळ चालला आणि उघड व अखंड होता का, हे सगळं मांडून सिद्ध केलं पाहिजे. त्याच्या बाजूने दयामाया नसते, कारण तो खऱ्या मालकाचा हक्क हिरावू पाहत असतो. मला हे कडक पण रास्त वाटतं.

एक उदाहरण घेऊ. गावठाणालगतची दोन गुंठे जागा. मालक 1985 मध्ये मुंबईला गेला आणि जाताना शेजाऱ्याला म्हणाला, ‘तुमची गुरं बांधा, जागेवर लक्ष राहील.’ शेजाऱ्याने गोठा घातला, पुढे दोन खोल्या बांधल्या, घरपट्टी भरली, वीज घेतली. आज त्याचा मुलगा सांगतो, ‘आमचा चाळीस वर्षांचा ताबा.’ ताबा खरा आहे, पण तो परवानगीचा आहे. परवानगीने आलेला माणूस कितीही वर्षं राहिला, तरी नुसत्या वर्षांमुळे तो मालकाच्या विरोधात ठरत नाही. घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिलं ताबा दाखवतात. मालकाला झुगारून ताबा होता, हे त्यांतून दिसत नाही.

आता समजा, जून 2003 मध्ये मालकाच्या मुलाने जागा खाली करण्याची नोटीस पाठवली. शेजाऱ्याने 14 जूनला वकिलामार्फत उत्तर दिलं, की जागा माझी आहे, तुमचा काही संबंध नाही. त्याच महिन्यात त्याने चारही बाजूंनी भिंत घालून फाटकाला कुलूप लावलं. परवानगी इथे संपली. विरोध मालकापर्यंत पोचला, आणि भिंत येणाऱ्याजाणाऱ्यालाही दिसते. 12 वर्षं इथून मोजायची, म्हणजे मुदत जून 2015 मध्ये भरते. मग कैफियतीत असं लिहावं लागेल: ‘प्रतिवादीने दि. 14 जून 2003 रोजी नोटिशीस उत्तर देऊन वादीची मालकी नाकारली, दावा जागेस भिंत घातली, व तेव्हापासून वादीच्या माहितीत, उघडपणे, अखंड व वादीच्या हक्काविरुद्ध ताबा ठेवला आहे.’ सोबत चतुःसीमा, नोटीस, तिचं उत्तर, पोचपावती आणि भिंत घालणाऱ्या गवंड्याची साक्ष. 1985 ते 2003 हा काळ लपवू नये. तो परवानगीचा होता, असं स्वतःहून मांडलं तर उलटतपासणीत पाय घसरत नाही.

या मांडणीत एक मोठी किंमत दडलेली आहे. प्रतिकूल ताबा म्हणणारा माणूस, मूळ मालक समोरचाच होता, हे पत्करतो. म्हणून त्याच कैफियतीत ‘आजोबांनी ही जागा तोंडी व्यवहाराने विकत घेतली होती’ असं लिहिलं, तर दोन्ही बाजू एकमेकींना मारतात. विजापूरच्या निकालातही न्यायालयाने हीच विसंगती दाखवली. खरा मालक कोण हेच माहीत नाही, असं म्हणणाऱ्याचंही तसंच: ज्याला ओळखत नाही त्याच्याविरुद्ध हक्क सांगण्याचा हेतू कसा असेल?

भावाभावांत हे आणखी अवघड होतं. सामाईक जमिनीत एकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरला जातो. इतरांना हक्क नाकारून स्पष्टपणे बाहेर काढल्याचं सिद्ध केल्याशिवाय मुदत सुरूच होत नाही. एकट्याने कसलं, सातबाऱ्यावर पीकपाहणी एकट्याच्या नावे लागली, एवढ्याने भावाचा हिस्सा जात नाही.

2019 पर्यंत हा मुद्दा फक्त बचावात चालतो, असा एक मतप्रवाह होता. रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला. मुदत पूर्ण झालेला माणूस आता स्वतः वादी होऊनही हक्क जाहीर करून मागू शकतो.

मालकाची चूकही नेहमी एकच असते. तो दर दोन वर्षांनी नोटीस पाठवतो, पोलिसांत अर्ज देतो आणि मुदत थांबली, असं समजतो. नोटिशीने 12 वर्षं थांबत नाहीत. आपल्या उदाहरणात मुलाने 2014 मध्ये ताब्याचा दावा लावला असता, तर जागा वाचली असती. 2019 मध्ये तो आला, तर शेजाऱ्याचा पुरावा टिकल्यास त्याच्याकडे सातबारा असूनही दावा मुदतबाह्य ठरेल. शेजाऱ्याने मधल्या काळात, समजा 2010 मध्ये, ‘जागा आम्हाला विकत द्या’ असं पत्र लिहिलं असेल, तर मात्र चित्र पालटतं. त्या पत्राने त्याने मालकी मान्य केली, आणि 2003 पासूनची वर्षं त्याच्या हातून गेली. म्हणून कुठल्याही बाजूच्या वकिलाने आधी अशिलाच्या घरातले जुने कागद, पत्रं आणि पोस्टाच्या पावत्या मागवून तारखेवार लावाव्यात. कैफियत लिहायला त्यानंतर बसावं.