पस्तिसाव्या मिनिटाला उघडणारे डोळे

माझ्या भाचीचं बाळ चार महिन्यांचं झालं आणि त्याची दिवसाची झोप एकदम तोकडी झाली. पस्तिसाव्या मिनिटाला डोळे टक्क उघडे, मग किरकिर. पोट भरलेलं, लंगोट कोरडा. घरातल्या मोठ्यांनी दृष्ट काढली.

कारण झोपेतच होतं. या वयात बाळाची झोप मोठ्यांसारखी टप्प्याटप्प्यांची होऊ लागते. दिवसा एक फेरा साधारण 30 ते 45 मिनिटांचा असतो आणि तो संपताना बाळ अर्धवट जागं होतं. झोके घेत झोपलेल्या बाळाला तेव्हा झोका थांबलेला जाणवतो आणि पुन्हा डोळा लागत नाही.

भाचीने फक्त सकाळची पहिली झोप हाती घेतली. उठल्यापासून दीड-पावणेदोन तासांनी, बाळ डोळे चोळू लागलं की ती खोली अंधारी करी आणि ते पेंगुळलेलं असतानाच सपाट, टणक गादीवर उताणं ठेवी. जवळ उशी नाही, दुपटं नाही. तिसाव्या मिनिटाला ती शेजारी जाऊन बसे. चुळबुळ सुरू झाली तरी लगेच उचलत नसे. छातीवर हलका हात ठेवून थोपटत राही. दहा मिनिटांत झोपलं नाही, तर मात्र उचलून घेई. पहिल्या आठवड्यात दोनदाच झोप तासाच्या पुढे गेली.

पाच-सहा महिन्यांपर्यंत बऱ्याच बाळांची झोप अशीच तुकड्यांची असते. बाळ उठल्यावर हसतंखेळतं असेल, वजन वाढत असेल, तर धीर धरा. झोपेत सतत घोरत असेल किंवा दूध नीट पीत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.