दुसरा मंगळवार साठवायचा कसा?

पुन्हा पुन्हा येणारा कार्यक्रम डेटाबेसमध्ये दोन प्रकारे ठेवता येतो. प्रत्येक तारखेची ओळ आधीच लिहून ठेवायची, किंवा फक्त नियम साठवून तारखा लागतील तेव्हा काढायच्या. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या व्यवस्थापक समितीची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री आठला भरते, असे धरू. या सभेला शेवटची तारीख नाही. पहिल्या पद्धतीत ओळी कुठवर लिहायच्या हेच ठरत नाही, आणि वेळ साडेआठ झाली की पुढच्या साऱ्या ओळी बदलत बसावे लागते. त्यामुळे नियम साठवणेच सहसा सोयीचे पडते.

नियम लिहिण्याची सर्वमान्य रीत २००९च्या आरएफसी ५५४५ या मानकात आहे. तिच्यानुसार सभेचा नियम खालच्यापैकी पहिल्या ओळीत मावतो. दुसरी ओळ मात्र एक आड एक मंगळवारची आहे.

```
FREQ=MONTHLY;BYDAY=2TU
FREQ=WEEKLY;INTERVAL=2;BYDAY=TU
```

या दोहोंची गल्लत सहज होते आणि लवकर लक्षातही येत नाही. १३ जानेवारी २०२६ पासून सुरुवात केली, तर १० फेब्रुवारी आणि १० मार्च या तारखा दोन्ही नियमांत येतात. एप्रिलमध्ये मात्र पहिला नियम १४ तारीख देतो आणि दुसरा ७ व २१. त्याआधीची एकमेव खूण म्हणजे २७ जानेवारीसारखे मधले जादा मंगळवार.

वापरणाऱ्याने एप्रिलचे पान उघडले की डेटाबेसला विचारायचे ते एवढेच: एप्रिल संपण्याआधी सुरू झालेले आणि एप्रिल लागण्याआधी न संपलेले नियम कोणते? शेवटची तारीख नसलेले नियमही त्यात आलेच पाहिजेत. रिकाम्या रकान्याशी केलेली तुलना खरी ठरत नसल्याने ते हटकून गळतात. मग प्रत्येक नियमाच्या तेवढ्याच पानापुरत्या तारखा काढायच्या. १ एप्रिलला बुधवार आहे, म्हणजे पहिला मंगळवार सहा दिवसांनी, ७ तारखेला, आणि दुसरा १४ला. एक आड एक नियमासाठीही जानेवारीपासून एकेक उडी मारत येण्याची गरज नाही. १३ जानेवारी ते १ एप्रिल हे ७८ दिवस. त्यांना १४ने भागले की बाकी ८ उरते, म्हणून पुढचा दिवस आणखी सहा दिवसांनी, ७ एप्रिलला.

खरी कसोटी अपवादांची. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुटी असल्याने समितीने सभा २१ तारखेवर नेली. यासाठी नियमाला हात लावायचा नाही. अपवादांच्या वेगळ्या तक्त्यात मालिकेचा क्रमांक, मूळ तारीख १४ आणि नवी तारीख २१ अशी ओळ घालायची. सभा रद्दच झाली, तर नव्या तारखेऐवजी तशी खूण करायची. मूळ तारीख जपायची, कारण नियमातून निघालेली कोणती तारीख झाकायची हे तिच्यावरूनच कळते.

इथे एक चूक वारंवार होते. कोणी १९ ते २५ एप्रिलचा आठवडा उघडला, तर नियमातून त्या आठवड्यात एकही तारीख निघत नाही. निघालेल्या तारखांनाच अपवाद लावणारा प्रोग्राम मग २१ची सभा दाखवतच नाही. महिन्याच्या पानावर ती दिसते, आठवड्याच्या पानावर गायब. म्हणून अपवाद नव्या तारखेवरूनही शोधावे लागतात.

वेळ कायमची बदलायची असेल, तर जुन्या नियमाला शेवटची तारीख द्यावी आणि तिथून नवा नियम सुरू करावा. जुन्याच नियमात वेळ बदलली, तर होऊन गेलेल्या सभाही साडेआठला झाल्याचे दिसू लागते.

घड्याळाचा घोटाळा भारतात जाणवत नाही, कारण इथली वेळ वर्षभर एकच असते. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून आपले सुरक्षा-अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला येतात, आणि तिथली घड्याळे उन्हाळ्यात तासभर पुढे असतात. त्यामुळे १० फेब्रुवारी २०२६चे अपडेट भारतात रात्री साडेअकराचे, तर १० मार्चचे साडेदहाचे. नियम जागतिक प्रमाणवेळेत साठवला, तर मार्चपासून तो तासाने चुकतो. म्हणून स्थानिक वेळ आणि विभागाचे नाव, जसे `America/Los_Angeles`, साठवायचे. तारखा त्या विभागात काढायच्या आणि रूपांतर शेवटी करायचे.

हा क्रम उलटला, तर वारही बिघडतो. तिथल्या दुसऱ्या मंगळवारी रात्री आठचा कार्यक्रम भारतात बुधवारी सकाळी पडतो, पण तो नेहमी दुसराच बुधवार असतो असे नाही. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी तो १५ तारखेचा, म्हणजे महिन्यातला तिसरा बुधवार आहे.